मध्यान्हीची नवमी

श्रोतेहो, रामजन्माचं कीर्तन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळणा येतो, गुलाल येतो, सुंठवडा येतो. पण त्या पाळण्याची दोरी नेमकी कोणत्या दिवशी ओढायची, हा प्रश्न आपण सहसा कॅलेंडरवर सोपवून मोकळे होतो. कॅलेंडर सांगेल तो दिवस. आता कॅलेंडरच एका चौकटीत रामनवमी छापतं आणि दुसऱ्या चौकटीत नवमी छापतं, तेव्हा काय करायचं? हा प्रश्न शके १९४८ च्या, म्हणजे २०२६ सालच्या चैत्रात खरोखरच आला. तो माझ्यासमोर कसा आला तिथूनच सुरुवात करू.

पुण्याच्या बाजूचं एक गाव. गावात रामाचं जुनं मंदिर. पाडव्यापासून रामजन्मापर्यंत तिथं रोज रात्री कीर्तन असतं आणि ती सेवा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्या साली पाडवा होता १९ मार्चला, गुरुवारी. पहिल्या दिवशीचं कीर्तन झालं, आरती झाली, लोक बुक्का लावून घराकडे निघाले. तेवढ्यात एक आजी हातात उत्सवाची पत्रिका घेऊन माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "बुवा, या पत्रिकेत रामजन्म शुक्रवारी लिहिलाय, सत्तावीस तारखेला. माझ्या पंचांगात गुरुवारी आहे, सव्वीसला. सासूबाईंनी लावून दिलेला उपवास आहे माझा. मी धरू कोणत्या दिवशी?"

पत्रिका काढणारा तरुण जवळच होता. मुलगा गुणी, देवळाची कामं मनापासून करणारा. तो म्हणाला, "बुवा, मी दोनदा पाहिलं. कॅलेंडरमध्ये गुरुवारच्या चौकटीत तिथी अष्टमी आहे. शुक्रवारच्या चौकटीत नवमी आहे. शिवाय पाडव्यापासून बोटं मोजली तर एकोणीस ते सत्तावीस बरोबर नऊ दिवस होतात. गुरुवारी खाली 'श्रीरामनवमी' लिहिलंय ती छपाईची चूक असणार." त्यानं शुक्रवारचा मांडव ठरवला होता, आचारी सांगितला होता, महाप्रसादाचा शिधा भरला होता. म्हणजे चूक निघाली तर ती नुसती कागदावरची नव्हती.

आता तुम्ही सांगा, मुलाचं काय चुकलं? त्यानं कॅलेंडर पाहिलं, दिवस मोजले, दोन्ही हिशेब जुळले. तरी चूक झाली. ती कशी झाली हे कळलं म्हणजे रामनवमीचा सगळा निर्णय कळला.

चौकटीतली तिथी म्हणजे काय

प्रथम हे ध्यानात घ्या की कॅलेंडरच्या चौकटीत जी तिथी छापलेली असते, ती त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी असते. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल तिचं नाव दिवसाला मिळतं. रोजच्या व्यवहाराला, संकल्पाला हे सोयीचं आहे. पण याचा अर्थ ती तिथी दिवसभर राहते असा नाही.

तिथी ही सूर्योदयाला बांधलेली नाही. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. अमावास्येला दोघं एका ठिकाणी असतात. तिथून चंद्र पुढे सरकतो, आणि सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा आठ तिथ्या झाल्या, म्हणजे शहाण्णव अंश अंतर पडलं, की नवमी लागते. एकशे आठ अंश झाले की ती संपते. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद. म्हणून तिथी कधी वीस तासांत उरकते, कधी सव्वीस तासांहून अधिक रेंगाळते. ती पहाटे सुरू होईल, भर दुपारी सुरू होईल, रात्री दोन वाजताही सुरू होईल. आपण झोपलेले असतो, ती आपलं काम करत असते.

आता २०२६ ची नवमी पाहा. ती लागली गुरुवारी, २६ मार्चला सकाळी ११ वाजून ४८ मिनिटांनी. आणि संपली शुक्रवारी, २७ मार्चला सकाळी १० वाजून ६ मिनिटांनी. गुरुवारी सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती, म्हणून गुरुवारच्या चौकटीत अष्टमी. शुक्रवारी सूर्य उगवला तेव्हा नवमी होती, म्हणून शुक्रवारच्या चौकटीत नवमी. छपाई अगदी बरोबर होती. मुलानं वाचलंही बरोबर. फक्त त्यानं सूर्योदयाची तिथी वाचली, आणि रामजन्म काही सूर्योदयाचा नाही!

ज्या वेळचं कर्म, त्या वेळची तिथी

आपल्या धर्मशास्त्राचा एक साधा नियम आहे. ज्या कर्माची जी वेळ ठरली आहे, त्या वेळेला जी तिथी असेल ती त्या कर्माला घ्यायची. याला कर्मकालव्यापिनी तिथी म्हणतात. शब्द मोठा वाटतो, पण तुम्ही घरी हे नेहमी पाळता. संकष्टीला तुम्ही सूर्योदय पाहता का? चंद्रोदय पाहता. चंद्र उगवताना चतुर्थी हवी, सकाळी तृतीया असली तरी चालते. गोकुळाष्टमीला मध्यरात्रीची अष्टमी पाहता, कारण कृष्ण मध्यरात्री आला. शिवरात्रही रात्रीची. तसा रामराया मध्यान्ही आला, म्हणून मध्यान्हीची नवमी.

कुणी विचारील, बुवा, राम दुपारी जन्मला हे कशावरून? तुलसीदासांनी तर मानसात दिवसाचा मध्य असं सरळच सांगितलं आहे. पण त्याहून जुनी खूण वाल्मीकींनी ठेवली आहे, आणि ती मला फार आवडते, कारण तिच्यात वेळ शब्दानं सांगितलेली नाही, ती आपण काढायची आहे. वाल्मीकी सांगतात, चैत्र महिना, नवमी तिथी, पुनर्वसू नक्षत्र, पाच ग्रह उच्चीचे आणि कर्क लग्न. अध्यात्म रामायण त्याला जोडून सांगतं की सूर्य मेष राशीत आला होता. सूर्याची उच्च रास मेषच.

आता लग्न म्हणजे काय? ज्या क्षणी बाळ जन्मलं त्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत असते, ती लग्नरास. राशी बारा, दिवसरात्रीचे तास चोवीस, म्हणजे एक रास उगवायला ढोबळमानानं दोन तास. सूर्य मेषेत आहे, म्हणजे मेष रास उगवली तेव्हा सूर्योदय झाला. मग वृषभ उगवली, मग मिथुन उगवली, मग कर्क उगवू लागली. मेषेपासून कर्केपर्यंत तीन राशी, सुमारे सहा तास. सूर्योदयानंतर सहा तासांनी सूर्य कुठं असतो? डोक्यावर! ज्योतिषी याला सूर्य दशमात आहे असं म्हणतो. म्हणजे कर्क लग्न आणि मेषेचा सूर्य ही दोन नावं घेतली की मध्यान्ह सांगून झाला.

मध्यान्ह किती वाजता

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, असा आपला समज. शास्त्राचा मध्यान्ह वेगळ्या रीतीनं मोजतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच सारखे भाग करायचे. पहिला प्रातःकाळ, दुसरा संगव, तिसरा मध्यान्ह, चौथा अपराह्ण, पाचवा सायाह्न. मधला तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह. तो एक क्षण नाही, जवळजवळ अडीच तासांचा पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी सूर्य सर्वांत उंच येतो.

त्या रात्री आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. आजी, तो मुलगा, दोन विश्वस्त आणि मी. मी मुलाला म्हटलं, तूच कर हिशेब. पुण्याकडे २६ मार्चचा सूर्योदय सुमारे ६ वाजून ३४ मिनिटांनी आणि सूर्यास्त सुमारे संध्याकाळी ६ वाजून ४६ मिनिटांनी. दिवस झाला १२ तास १२ मिनिटांचा. पाचनं भागला तर एक भाग साधारण २ तास २६ मिनिटांचा. पहिला भाग नऊपर्यंत. दुसरा ११ वाजून २७ मिनिटांपर्यंत. तिसरा, आपला मध्यान्ह, ११:२७ पासून दुपारी १:५३ पर्यंत. आणि त्याचा मध्य १२ वाजून ४० मिनिटांनी.

आता नवमी या पट्ट्यावर ठेवून पाहा. गुरुवारी नवमी लागली ११:४८ ला. म्हणजे मध्यान्ह सुरू झाल्यावर वीस-एकवीस मिनिटांनी ती आली आणि पुढं सगळा मध्यान्ह राहिली. सूर्य माथ्यावर आला त्या क्षणी नवमीच होती. शुक्रवारी नवमी संपली १०:०६ ला. मध्यान्ह सुरू व्हायला अजून सव्वा तासावर वेळ होता. म्हणजे शुक्रवारी बारा वाजता पाळणा हलवला असता तर तो दशमीत हलला असता. सूर्योदयाला नवमी होती हे खरं, पण ती जन्मवेळेपर्यंत थांबलीच नाही.

मुलगा हिशेबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुवारी सकाळी अष्टमी असली तरी हरकत नाही?" मी म्हटलं, अरे, घरी पाहुणा दुपारी जेवायला येणार असेल तर तो सकाळी आठला घरात होता की नाही हे कोण पाहतं? पानं वाढायच्या वेळी हजर हवा.

आणि पाडव्यापासून नऊ दिवस मोजायचे हेही सोडून द्या. तिथीची वृद्धी होते, क्षय होतो. त्यामुळे पाडव्यापासून रामजन्मापर्यंत कधी आठ दिवस होतात, कधी दहाही होतील. नवरात्र म्हटलं तरी बोटांवरचे नऊ दिवस रामनवमी ठरवत नाहीत.

दोन्ही दिवशी मध्यान्हाला नवमी असली तर

इथपर्यंत सोपं आहे. नवमी मध्यान्हाला ज्या एकाच दिवशी सापडेल तो दिवस. पहिला सापडला तर पहिला, दुसरा सापडला तर दुसरा. बहुतेक वर्षी असंच होतं. २०२५ साली नवमी ५ एप्रिलला संध्याकाळी लागली आणि ६ एप्रिलला संध्याकाळी संपली. मध्यान्ह एकच मिळाला, सहा तारखेचा. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

पण कधी नवमी लांबते. पहिल्या दिवशीच्या मध्यान्हालाही तिचा स्पर्श होतो आणि दुसऱ्या दिवशीच्याही. २०२४ साली असं झालं. नवमी लागली १६ एप्रिलला दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी. पुण्याकडे त्या दिवशीचा मध्यान्ह सुमारे १:५० पर्यंत होता. म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात नवमी शिरली. दुसऱ्या दिवशी ती दुपारी ३:१४ पर्यंत होती, म्हणजे पूर्ण मध्यान्ह तिचाच. रामनवमी १७ तारखेला झाली.

यात तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी जास्त वेळ होती म्हणून दुसरा दिवस घेतला. तसं नाही. आपल्या पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये, ज्यांनी १७९० साली धर्मसिंधू पूर्ण केला, ते सांगतात की दोन्ही दिवशी मध्यान्हाला नवमी असली तर दुसरा दिवस घ्यावा. आणि दोन्ही दिवशी मध्यान्हाला नसली, म्हणजे पहिल्या दिवशी मध्यान्ह संपल्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी मध्यान्हाआधीच संपली, तरीही दुसराच दिवस घ्यावा. इतकंच नव्हे, पहिल्या दिवशी पूर्ण मध्यान्ह नवमी असली आणि दुसऱ्या दिवशी मध्यान्हाच्या थोड्याशा भागात असली, तरी दुसराच.

हे का? कारण रामनवमीला अष्टमीचा वेध टाळायला सांगितला आहे. पहिला दिवस अष्टमीनं सुरू झालेला असतो, तिची मिसळ नवमीत असते. दुसरा दिवस नवमीनं उगवतो आणि पुढे दशमीला मिळतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी मध्यान्हाचा थोडा जरी आधार मिळत असेल, किंवा दोन्हीकडे सारखीच उणीव असेल, तर अष्टमीच्या मिसळीचा दिवस सोडावा. पण दुसऱ्या दिवशी मध्यान्ह मुळीच मिळत नसेल आणि पहिल्या दिवशी मिळत असेल, तर अष्टमी असली तरी पहिला दिवस घ्यावाच लागतो. आधी मध्यान्ह, मग वेध, हा क्रम लक्षात ठेवा.

आता मजा पाहा. त्या शुक्रवारी नवमी १०:०६ ऐवजी ११:४० पर्यंत टिकली असती, तर ती मध्यान्हाच्या पट्ट्यात दहा-बारा मिनिटं शिरली असती. तेवढ्यानं दोन्ही दिवशी मध्यान्ह मिळाला असता आणि रामनवमी शुक्रवारी गेली असती. मग पत्रिका काढणारा मुलगा बरोबर ठरला असता आणि आजींना शुक्रवार धरावा लागला असता. दीड तासाचा फरक! म्हणून मी म्हणतो, या विषयात "असेल काहीतरी" म्हणून चालत नाही. वेळा पाहाव्याच लागतात.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. काही वैष्णव संप्रदायांत अष्टमीच्या वेधाला मध्यान्हापेक्षाही अधिक जपतात. सूर्योदयाला नवमी असेल तोच दिवस ते धरतात. त्यांनी शुक्रवारी रामनवमी केली तर ती चूक म्हणू नका, त्यांच्या आचार्यांचा तो निर्णय आहे. ज्याच्या घरी, ज्याच्या देवळात गुरुपरंपरेनं जे चालत आलं असेल त्यानं तेच पाळावं. आमच्या त्या गावच्या देवळात परंपरा मध्यान्हाची होती. सत्तावीस तारीख तिथं संप्रदाय म्हणून आली नव्हती, चौकट चुकीची वाचल्यामुळे आली होती. हा फरक आहे.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा

दिवस ठरला. आता वेळ. देवळात आपण बारा वाजता जन्म करतो. कीर्तनकाराचं एक डोळा श्रोत्यांकडे आणि एक डोळा घड्याळाकडे असतो, बाराला ठोका पडला की गुलाल. पण मघाशी आपण पाहिलं की पुण्याकडे सूर्य माथ्यावर येतो १२:४० ला. मग बाराला का?

आपलं घड्याळ आपल्या गावचं नाही म्हणून. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ चालू आहे, आणि ती साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरकडची वेळ आहे. आपण तिथून पश्चिमेला आहोत. सूर्य तिथं आधी माथ्यावर येतो, आपल्याकडे पुणे-नाशिक-मुंबईत सुमारे पस्तीस ते चाळीस मिनिटांनी. पूर्वी देवळात घटिकापात्र असे किंवा शंकूची सावली पाहत. सावली सर्वांत आखूड झाली की जन्म. तेव्हाचे बारा हे सूर्याचेच बारा होते. घड्याळ बदललं, आपण आकडा तोच ठेवला.

पण यात एक गोड योगायोग आहे. अयोध्या कुठं आहे? साधारण सव्वाब्याऐंशी रेखांशावर, त्या प्रमाणरेषेला अगदी चिकटून. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा अयोध्येत खरोखर सूर्य माथ्यावर आलेला असतो. चैत्रात पाच-सात मिनिटांचा काय तो फरक. नकळत आपण पाळणा आपल्या गावच्या मध्यान्हाला नाही, अयोध्येच्या मध्यान्हाला हलवतो!

नेहमीच्या वर्षी यानं काही बिघडत नाही, कारण घड्याळाचे बारा आपल्याकडच्या मध्यान्हाच्या पट्ट्यातच पडतात. पण त्या गुरुवारी नवमी लागत होती ११:४८ ला. बाराच्या ठोक्याला नवमीची बाराच मिनिटं झालेली. एखाद्या ठिकाणी प्रसादाची रांग मोठी म्हणून साडेअकरालाच जन्म उरकला असता, तर तो अष्टमीत झाला असता. असं उरकलेलं मी पाहिलं आहे. आणि समजा, नवमी सव्वाबाराला लागणार असती, तर बाराचा ठोकाही अष्टमीतच पडला असता. दिवस तोच राहिला असता, कारण मध्यान्हाच्या पट्ट्यात नवमी आलीच असती. पण पाळणा मात्र थांबवावा लागला असता. म्हणून अशा वर्षी मी विश्वस्तांना आधीच सांगून ठेवतो, यंदा बारा चाळीस. सूर्य माथ्यावर येऊ द्या, मग दोरी ओढू.

आपली मुलं-नातवंडं परदेशात असतात, त्यांनी तर आपल्याकडची तारीख डोळे मिटून घेऊ नये. चंद्र-सूर्याचं अंतर साऱ्या जगाला एकाच क्षणी तेवढंच असतं, मध्यान्ह मात्र ज्याचा त्याचा. तीच २०२६ ची नवमी न्यूजर्सीत २६ तारखेला पहाटे २ वाजून १८ मिनिटांनी लागली आणि त्या दिवसभर राहून मध्यरात्रीनंतर संपली. तिथं सूर्योदयालाही नवमी, मध्यान्हालाही नवमी. आपल्याकडे पडला तो पेच तिथं पडलाच नाही. एखाद्या वर्षी याच्या उलटही होईल. तेव्हा त्यांनी तिथल्या वेळा पाहाव्या.

घरी कसं पाहायचं

पंचांग उघडा. अष्टमी किती वाजेपर्यंत आहे ते पाहा, तीच नवमी लागण्याची वेळ. नवमी किती वाजेपर्यंत आहे ते पाहा. मग आपल्या गावचा सूर्योदय-सूर्यास्त घ्या, पाच भाग करा, तिसरा भाग काढा. नवमी त्या भागात कोणत्या दिवशी आहे ते पाहिलं की झालं. जुन्या पंचांगात तिथी घटी-पळांत असते, सूर्योदयापासून मोजलेली. तिथं तर आणखी सोपं. चैत्रात दिवस साधारण तीस घटींचा. त्याचे पाच भाग सहा सहा घटींचे. म्हणजे बारा घटींपासून अठरा घटींपर्यंत मध्यान्ह. त्या गुरुवारी अष्टमी होती तेरा घटी आणि पाचेक पळं. तेरा हा आकडा बारा आणि अठरा यांच्यामध्ये आहे. आमचे आजोबा-पणजोबा एवढं पाहूनच पंचांग मिटत असतील.

आणि उपवास? व्रत म्हणून ज्यांचा पूर्ण उपवास असतो, त्यांनी पारणं दुसऱ्या दिवशी दशमी लागल्यावर करायचं. शुक्रवारची ती चौकट इथं उपयोगी पडली. शुक्रवारी १०:०६ पर्यंत नवमीच होती, म्हणून सकाळी उठल्या उठल्या उपवास सोडायचा नाही, दहा वाजून सहा मिनिटं होऊ द्यायची. आजींना हेच सांगितलं. गुरुवारी उपवास धरा, शुक्रवारी दहानंतर सोडा. आजी म्हणाल्या, "सासूबाई पण म्हणायच्या, सकाळची तिथी बघू नको, दुपारची बघ. का ते त्यांनी सांगितलं नव्हतं."

राहिला मांडव आणि आचारी. विश्वस्तांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, काही मोडू नका. रामजन्म गुरुवारी करा, त्याला मांडव कशाला, देवळाचा सभामंडप आहे, पाळणा आहे, सुंठवडा आहे. आणि शुक्रवारी दहानंतर दशमी लागते, म्हणजे पारण्याचाच मुहूर्त. दुपारच्या पंगती त्याच दिवशी बसवा. तुमचा महाप्रसाद आपोआप पारण्याचा झाला. मुलानं दुसऱ्या दिवशी पत्रिकांवर पेनानं दुरुस्ती केली आणि स्वतः घरोघरी जाऊन सांगून आला.

गुरुवारी बाराला लोक उठायला लागले. मी हातानं बसवलं. मुलगा सभामंडपाच्या दाराशी उन्हात उभा होता, त्यानं जमिनीत एक सरळ काठी रोवली होती आणि तिची सावली पाहत होता. बारा चाळीसच्या सुमारास त्यानं आत बघून मान हलवली. सावली आखूड झाली होती. मग मी आजींच्या हातात पाळण्याची दोरी दिली.

जय जय रघुवीर समर्थ!